रक्त काढायला कोपराचा खळगाच का? आणि सासूबाईंच्या हाताचं नक्की काय झालं?

मालवी_मिरची
सासूबाईंची थायरॉइड आणि साखरेची तपासणी होती. घरी सॅम्पल न्यायला मुलगा आला. उजव्या हाताला रबर बांधलं, कोपराच्या आत टिचक्या मारल्या, शीर काही वर येईना. मग त्याने अगदी आतल्या बाजूला, छातीकडच्या अंगाला सुई घातली. रक्त आलं नाही म्हणून सुई आत ठेवूनच इकडेतिकडे फिरवली. तेवढ्यात सासूबाई एकदम ओरडल्या. म्हणाल्या, मनगटापर्यंत करंट गेला. त्याने सुई काढली आणि दुसऱ्या हातातून मिनिटभरात सॅम्पल घेऊन गेला.

आता कोपरापासून खाली हात हिरवा-जांभळा झालाय आणि आतल्या बाजूला एक पट्टा बधिर आहे. रोज सकाळी लाटणं हातात घेतलं की त्या आधी माझ्याकडे बघतात, जणू सुई मीच टोचली!

दोन प्रश्न. मनगटावर, पंजाच्या मागे इतक्या ठळक शिरा दिसत असताना सगळे कोपराच्याच मागे का लागतात? आणि तिथे आत असं काय आहे की करंट लागावा?

भिया_इंदूरवाले
ताई, सोपं आहे. कोपराच्या आत मोठी धमनी असते, तिथे रक्ताला जोर असतो, म्हणून ट्यूब पटकन भरते. पंजावर जोर कमी. आणि करंट म्हणजे ती कोपर आपटल्यावर झिणझिणतं ना, तीच नस. तिला धक्का लागला असणार. घाबरू नका, दोन दिवस हळद-तेल चोळा.

पोहे_विदाऊट_सेव
माझा अनुभव वेगळा. उपाशीपोटी या म्हणाले, मी गेलो, रांगेत नंबर आला तेव्हा समोरच्या टपरीवरून पोह्यांचा वास. शीर आपोआप वर आली. टेक्निशियन म्हणाला, काका, तुमची शीर तर स्वतःच सुईकडे येतेय.

जांभळी_ट्यूब
बडोद्याला सॅम्पल कलेक्शन करते, बरीच वर्षं. भियाजी, धमनीतून आम्ही नेहमीचं सॅम्पल घेतच नाही हो. धमनीत सुई गेली तर ती चूक समजायची. रक्त लालभडक येतं, ठोक्याठोक्याने उसळतं आणि ट्यूब डोळ्यांदेखत भरते. असं झालं की रबर सोडायचं, सुई काढायची आणि निदान पाच मिनिटं, घड्याळ बघून, घट्ट दाबून धरायचं. आम्ही घेतो ते शिरेतलं रक्त. गडद, शांत, सावकाश येणारं.

पंजावरच्या शिरा दिसतात छान, पण बारीक असतात आणि बोटाखालून सटकतात. ट्यूबमध्ये निर्वात असतो, तो ओढ लावतो, तेव्हा बारीक शीर चपटी होऊन बंद पडते. जोर करून ओढलं तर रक्तपेशी फुटतात आणि लॅब सॅम्पल परत पाठवते. शिवाय तिथे दुखतंही जास्त. कोपरातली मधली शीर जाड, कातडीलगत आणि जागेवर घट्ट बसलेली. नवीन मुलींना मी सांगते की शीर डोळ्यांनी शोधू नका, बोटाने शोधा. दाबली की खाली जाऊन परत वर येते ती शीर. ठोके देते ती धमनी, तिच्यापासून लांब राहा.

निवृत्त_अनाटॉमी
एमजीएममध्ये शिकलो, पुढे आयुष्यभर हाच विषय शिकवला, म्हणून राहवत नाही. जांभळी_ट्यूब यांनी ‘घट्ट बसलेली’ म्हटलं त्याला खरोखर कारण आहे.

आधी स्वतःच्या हातावर बघा. हात टेबलावर ठेवा, तळवा वर. दुसऱ्या हाताने मनगट दाबून धरा आणि कोपर वाकवायचा प्रयत्न करा. खळग्याच्या मध्यावर दोरीसारखं काहीतरी ताठ होईल. ती बायसेप्सची कंडरा. ही आपली खूण. तिच्या लगेच आतल्या अंगाला, म्हणजे छातीच्या बाजूला, हलकं बोट ठेवा. ठोके लागतील. ती ब्रेकियल धमनी. बीपी मोजताना डॉक्टर स्टेथोस्कोप ठेवतात ती हीच जागा. तिच्याही आतल्या अंगाला मीडियन नर्व्ह, जी पुढे अंगठा आणि पुढच्या दोन बोटांना जाते. कंडरेच्या बाहेरच्या अंगाला, स्नायूंच्या फटीत खोल, रेडियल नर्व्ह. म्हणजे आतून बाहेर मोजायचं तर नर्व्ह, धमनी, कंडरा, नर्व्ह. खळग्याच्या दोन बाजूंना दोन स्नायू, बाहेरून ब्रेकियोरेडियालिस, आतून प्रोनेटर टेरिस. खाली टोकाशी ते एकमेकांना भेटतात, म्हणून जागा तिकोनी दिसते.

आता गंमत अशी, की ज्या शिरेतून रक्त काढतात ती या खळग्याच्या आत नाहीच. ती छतावर आहे. कातडी, तिच्याखाली थोडी चरबी, त्या चरबीत मिडियन क्युबिटल शीर. ती बाहेरच्या सेफॅलिक शिरेकडून निघून तिरकी वर चढते आणि आतल्या बॅसिलिक शिरेला मिळते. तिच्याखाली एक चिवट पडदा. बायसेप्सच्या कंडरेतून एक रुंद पट्टी निघून आतल्या बाजूला पसरते, तीच ही. धमनी आणि मीडियन नर्व्ह या पट्टीखाली झाकलेल्या. युरोपात शीर कापून रक्त सोडणाऱ्या जुन्या मंडळींनी या पट्टीला ‘देवाची कृपा’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं, कारण पातं जरा खोल गेलं तरी धमनी वाचायची.

आणि घट्टपणाचं कारण: खळग्यातून एक छोटी शीर पडदा भेदून खोलवरच्या शिरांना जोडलेली असते. ती वरच्या शिरेला खुंट्यासारखी धरून ठेवते. म्हणून सुई टेकली की मधली शीर बाजूला पळत नाही.

भिया_इंदूरवाले
वा सर! म्हणजे पडदा असल्यावर काळजीच नाही. मग ताईंच्या सासूबाईंना लागलंच कसं?

निवृत्त_अनाटॉमी
पडदा म्हणजे चिलखत नव्हे. आजची सुई त्यातून आरपार जाते. काहींचा पडदा पातळ असतो, आणि त्याला वरची कडा आहे. त्या कडेच्या वर धमनी आणि नर्व्ह यांच्यावर जाड असं काहीच नाही. खरं संरक्षण खोलीचं आहे. मधल्या शिरेसाठी इतकं खोल जावंच लागत नाही.

दुसरं, कोपर आपटल्यावर झिणझिणते ती अल्नर नर्व्ह. ती या खळग्यात नसतेच, आतल्या हाडाच्या उंचवट्याच्या मागून जाते. पुढून रक्त काढताना तिला सहसा काही होत नाही.

मालवी_मिरची
सर, समजतंय. पण मग त्यांना लागलेली नर्व्ह कुठली? मी गुगलवर ‘नर्व्ह इंज्युरी’ टाकलं आणि आता झोप येत नाहीये.

निवृत्त_अनाटॉमी
दुरून निदान करता येत नाही, पण प्रश्न नीट विचारले तर बरंच कळतं. तीन गोष्टी बघून सांगा. एक, बधिर पट्टा नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो? बोटांत उतरतो का? दोन, डोळे मिटून प्रत्येक बोटाच्या टोकाला कापसाचा बोळा लावा, दोन्ही हातांना सारखं लागतं का? तीन, अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळवून गोल वर्तुळ करता येतं का, की ती चपटी पडतात?

देवास_नाका
माझंही कोपर दुखतं. बादली उचलली की बाहेरच्या हाडावर कळ येते. दोन महिने झाले. रक्त काढल्यामुळे असेल का? शेवटचं रक्त गेल्या दिवाळीत काढलं होतं.

जांभळी_ट्यूब
देवास_नाका भाऊ, दिवाळीच्या सुईला आता माफ करा. बाहेरच्या हाडावर, वजन उचलताना, हे वेगळं दुखणं आहे. हाडाच्या डॉक्टरांना दाखवा.

लष्करकर
ग्वाल्हेरहून. थोडं विषयांतर, पण रबर आणि मुठीवरून आठवलं. वडिलांचं पोटॅशियम ५.९ आलं. फॅमिली डॉक्टरांनी फोन करून आधी विचारलं, रक्त काढताना काय काय झालं? वडील म्हणाले, शीर सापडत नव्हती, बराच वेळ रबर बांधलेलं होतं आणि मूठ उघड-बंद करायला लावली होती. ईसीजी काढला, तो ठीक. त्याच दिवशी परत सॅम्पल घेतलं, मूठ न वळता, रबर पटकन सोडून. ४.४ आलं.

जांभळी_ट्यूब
लष्करकर, हे विषयांतर नाही, हाच मुद्दा आहे. सॅम्पलला आलेल्या माणसाला आम्ही मूठ फक्त हलकी मिटायला सांगतो, पंप करायला नाही. स्नायू काम करतात तेव्हा त्यांच्यातून पोटॅशियम रक्तात येतं. रबर कोपराच्या वर साधारण चार बोटं, ७ ते १० सेंटीमीटरवर, आणि एका मिनिटाच्या आत सोडायचं. शीर शोधण्यातच मिनिट गेलं तर रबर सोडून हाताला दोन मिनिटं विश्रांती द्यायची आणि मग परत बांधायचं. घाईत हेच राहून जातं.

मालवी ताई, तुमच्याकडे काय चुकलं हे मी सांगू शकते. आतल्या बाजूची बॅसिलिक शीर जाड दिसते, मोह होतो. पण ती सैल असते, सुई टेकली की सरकते. आमचा क्रम ठरलेला: आधी मधली, मग बाहेरची, आणि आतली सगळ्यात शेवटी, तीही दुसऱ्या हाताची मधली आणि बाहेरची बघून झाल्यावर. त्या मुलाने दुसऱ्या हातातून मिनिटात काढलं ना? मग आधीच हात बदलायला काय हरकत होती?

आणि सुई आत ठेवून चाचपडणं तर नाहीच. कातडी खालून अंगठ्याने ताणून धरायची, सुई १५ ते ३० अंशांत, तोंड वर. रक्त आलं नाही तर सरळ रेषेत किंचित पुढे किंवा किंचित मागे, बस. कडेला फिरवायची नाही. पेशंट म्हणाला ‘करंट’, की त्याच क्षणी बाहेर. दोनदा जमलं नाही तर सहकाऱ्याला बोलवायचं. यात मानापमान नाही.

मालवी_मिरची
सर, तपासलं. पट्टा कोपराच्या आतून सुरू होतो, करंगळीच्या बाजूने खाली येतो आणि मनगटाच्या थोडा वर संपतो. बोटांत काही नाही, पाचही बोटांना कापूस नीट लागतो. वर्तुळ मस्त गोल झालं, वर त्यांनी मला त्याच बोटांनी चिमटाही काढून दाखवला. निळं मात्र रोज खाली सरकतंय. त्या रक्त पातळ करायची छोटी गोळी घेतात.

निवृत्त_अनाटॉमी
चिमटा काढला हे उत्तम लक्षण!

आता जुळवून बघू. मीडियन नर्व्हला इजा असती तर अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर झाली असती, वर्तुळही बिघडलं असतं कदाचित. अल्नर असती तर करंगळी बधिर झाली असती. इथे बोटं सगळी सुटली आहेत. फक्त हाताच्या आतल्या कडेची कातडी आणि तीही मनगटापर्यंतच. हा नकाशा एकाच नर्व्हचा आहे, हाताच्या आतल्या बाजूच्या कातडीला संवेदना देणारी मीडियल क्युटेनियस नर्व्ह. ती बॅसिलिक शिरेच्या अगदी सोबतीने, त्याच चरबीच्या थरात, पडद्याच्या वरच्या बाजूला चालते. म्हणजे पडद्याने तिला वाचवण्याचा प्रश्नच नव्हता. तिचं काम फक्त स्पर्शाचं, स्नायू ती हलवत नाही. म्हणून ताकद शाबूत.

अशा इजा बहुतेक वेळा आपोआप भरतात. काहींच्या काही आठवड्यांत, काहींना महिने लागतात. मध्ये मुंग्या येतील, स्पर्श विचित्र वाटेल.

निळ्याचं म्हणाल तर सुईच्या छिद्रातून रक्त चरबीत पसरलं, गोळीमुळे जरा जास्त, आणि ते गुरुत्वाने खाली उतरतं. रंग बदलत पिवळा होऊन जाईल. पण सूज वाढत गेली, हात ताठ आणि कडक लागला, बोटं सरळ करताना असह्य दुखलं, किंवा बोटं थंड आणि पांढरी पडली, तर त्याच तासाला इस्पितळात. तसं नसेल तरी डॉक्टरांना एकदा दाखवाच, गोळीचा विषय आहे. गोळी मनाने बंद करू नका. आणि भियाजी, हळद-तेल राहू द्या, रक्त साकळलेल्या जागी चोळायचं नसतं.

भिया_इंदूरवाले
बरं, चोळणं मागे घेतलं. पण सर, मग सरळ बाहेरच्या बाजूचीच शीर का घेत नाहीत नेहमी? तिथे धमनी नाही, मीडियन नर्व्ह नाही. माझी तर सगळे तिथूनच काढतात.

जांभळी_ट्यूब
हो, जाड हातांना बाहेरची सेफॅलिक बरेचदा तारून नेते. मला ती आवडते.

निवृत्त_अनाटॉमी
मला इतकी आवडत नाही. बायसेप्सच्या कंडरेच्या बाहेरच्या कडेने दुसरी कातडीची नर्व्ह वर येते आणि सेफॅलिक शिरेला बिलगून खाली जाते. कित्येक हातांत तर शिरेच्या पाठीवरून. तिथे करंट लागला तर अंगठ्याच्या बाजूने मनगटाकडे जातो, एवढाच फरक. शिरांची रचनाही प्रत्येकाची निराळी. काहींना मधली एकसंध शीर नसतेच, तिच्या जागी इंग्रजी एम अक्षरासारख्या दोन फांद्या असतात. विच्छेदनाच्या टेबलावर एकाच माणसाचे दोन हात वेगळे पाहिले आहेत.

जांभळी_ट्यूब
सर, टेबलावरचा हात हलत नाही आणि ओरडत नाही. माझ्या कामात बाहेरच्या बाजूला तक्रारी कमी दिसतात. मी क्रम बदलणार नाही.

निवृत्त_अनाटॉमी
क्रम बदला म्हणत नाही. बाहेरची ‘निर्धोक’ आहे असं नवीन मुलींना सांगू नका, इतकंच.

सयाजीनगर
आमच्या घरी उलटा नियम आहे. भावाची किडनी कमजोर, पुढेमागे डायलिसिस लागेल म्हणून डॉक्टरांनी सक्त सांगितलंय की कोपराच्या आणि हाताच्या शिरांना सुई लावू द्यायची नाही, रक्त पंजाच्या मागूनच काढायचं. पुढे फिस्टुला करायला, म्हणजे डायलिसिससाठी शीर धमनीला जोडायला, त्याच शिरा लागतात. प्रत्येक लॅबमध्ये भांडावं लागतं. पंजातून काढायला कुणी तयारच नसतं.

जांभळी_ट्यूब
तुमचं अगदी बरोबर, भांडत राहा. अशा वेळी बटरफ्लाय सुई आणि लहान ट्यूब मागा, किंवा सिरिंजने हळू ओढायला सांगा, म्हणजे पंजाची शीर बसत नाही. फिस्टुला झाल्यावर त्या हाताला सुई नाही, रबर नाही, बीपीचा पट्टाही नाही. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर शक्यतो त्या बाजूचा हातही आम्ही सोडतो.

लष्करकर
मग इस्पितळात सलाईन पंजाच्या मागे किंवा मनगटाच्या वर का लावतात? तीच कोपरातली जाड शीर का नाही?

जांभळी_ट्यूब
कारण तो सांधा आहे. सॅम्पलला सुई अर्धं-एक मिनिट आत असते, तेवढा वेळ माणूस हात सरळ ठेवतो. सलाईन दिवसभर चालतं. हात वाकला की नळी मुडपते, पंप ओरडायला लागतो, नाहीतर शीर सुजते. इमर्जन्सीत मात्र पटकन जाड नळी टाकायची असते, तेव्हा कोपरच.

आणि हात वाकवण्यावरून, हे सगळ्यांसाठी. सुई निघाली की कापूस ठेवून हात दुमडून बसू नका. दुमडल्याने कापूस सैल पडतो, शिरेवर दाब राहतच नाही आणि रक्त आत चरबीत झिरपतं. हात सरळ, थोडा वर, दुसऱ्या हाताच्या बोटांनी दाबून दोन-तीन मिनिटं. रक्त पातळ करायची गोळी असेल तर पाच किंवा जास्त. मध्ये मध्ये उचलून बघायचं नाही.

पोहे_विदाऊट_सेव
म्हणजे जन्मभर जो हात दुमडून पोह्यांच्या दुकानापर्यंत चालत गेलो ते चुकलं. आता एका हाताने दाबायचं, मग प्लेट कोण धरणार?

मालवी_मिरची
डॉक्टरांना दाखवून आले. सरांनी सांगितलं तेच म्हणाले, कातडीची नर्व्ह, वाट बघा, सहा आठवड्यांनी परत या. गोळी चालू. सासूबाईंना आता नवी काळजी: तीन महिन्यांनी परत तपासणी आहे, तेव्हा काय सांगायचं? त्यांना त्या मुलाची तक्रार करायची आहे. नवरा म्हणतो राहू दे, पोरगा नवीन होता.

जांभळी_ट्यूब
तक्रार नाही तरी कळवा नक्की. नवीन असेल तर कुणीतरी त्याला सांगायलाच हवं, नाहीतर तो उद्याही चाचपडेल. पुढच्या वेळी आधीच सांगा: मागच्या वेळी उजव्या हाताला आतून करंट लागला होता, डाव्या हाताची मधली शीर बघा. दोन पेले पाणी पिऊन बसायचं, उपाशीपोटी साधं पाणी चालतं. हात आधी कोमट पाण्याने शेकला तर शीर फुगते. आडवं होऊन दिलं तर अजून बरं.

भिया_इंदूरवाले
तक्रार तर झालीच पाहिजे. मोफत थोडीच आला होता.

सयाजीनगर
शिकाऊ मुलांची तक्रार केली की त्यांची नोकरी जाते, शिकवणाऱ्याला कुणी विचारत नाही. मी सुपरवायझरशी बोललो असतो.

लष्करकर
शेवटची शंका. रक्तदान करतो तेव्हा सुई केवढी जाड असते, तीही तिथेच. मग तिथे करंटचा धोका जास्त का?

जांभळी_ट्यूब
सुई जाड, १६ गेजची, सॅम्पलची साधारण २१. गेजचा आकडा जितका लहान तितकी सुई जाड. ३५० किंवा ४५० मिलीलीटरची पिशवी दहाएक मिनिटांत भरायची तर जाड शीर हवीच, म्हणून कोपराला पर्यायच नाही. जाड सुईने लागलं तर इजा मोठी, पण तिथे शीर निवडायला वेळ घेतात आणि शीर नीट नसेल तर दात्याला परत पाठवतात. आणि तिथे मूठ उघड-बंद करायला सांगतात ते बरोबर आहे, ते रक्त पोटॅशियम मोजायला जात नाही.

देवास_नाका
हाडाच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी रक्त तपासायला सांगितलंय. कुठल्या हातातून देऊ, दुखऱ्या की दुसऱ्या?

जांभळी_ट्यूब
दुसऱ्या. आणि बादलीही त्याच हाताने उचला.